शनी दोघांच्याही नवमात, मग धर्म न मानणारी एकटी तूच कशी?

"मावशी, मी गुहागरची, 1997 ची, सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तो मालवणजवळच्या गावातला, 1994 चा. दोन वर्षं ओळख आहे, आता घरच्यांचाही होकार आहे, 26 गुण जुळलेत. पण त्यांच्या ओळखीच्या एका ज्योतिषांनी सांगितलं की माझ्या नवमात शनी-केतू आहेत आणि नवमेश गुरू नीचेचा आहे, म्हणजे मुलगी धर्म मानणारी नाही, घरातलं देवकार्य बुडवेल, आणि मुलाचं नवम मात्र एकदम स्ट्राँग आहे. मी फार देव देव करत नाही हे खरंय, आणि त्यांच्याकडे कौल घेतल्याशिवाय काही ठरत नाही हेही खरंय. आमचे विचार खरंच जुळणार नाहीत का? दोन्ही पत्रिका पाठवतेय. माझी वेळ दवाखान्याच्या कार्डावर संध्याकाळी 5.40 आहे, आई मात्र दिवेलागणीला झालीस म्हणते."

अगं बाय, पत्रिका उघडल्या आणि पहिल्यांदा मला हसूच आलं. तुझं कर्क लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेली रास, तेच पत्रिकेतलं पहिलं घर, नवव्या घरात मीन रास, तिथे शनी आणि केतू, आणि मीनेचा मालक गुरू सातव्या घरात मकरेत जाऊन बसलाय. त्याचं मिथुन लग्न, नवव्या घरात कुंभ, तिथे शनी, एकटाच, स्वतःच्या राशीत. म्हणजे शनी तुझ्याही नवमात आणि त्याच्याही नवमात! आता कुंभेत शनी स्वतःच्या घरी आहे आणि मीनेत गुरूच्या घरी पाहुणा, तेवढा फरक मी पण मानते, पण पाहुणा आला म्हणजे घर बुडालं असं कुठे असतं. त्या भल्या माणसाने एका पत्रिकेत शनीला देवळात बसवला आणि दुसरीत दरोडेखोर केला, आणि बहुतेक दोन्ही पत्रिका शेजारी ठेवून पाहिल्याच नाहीत.

आधी ते 26 गुण बाजूला ठेवूया, कारण त्यांचा या प्रश्नाशी संबंधच नाही. वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट, नाडी, हे सगळं मिळून 36, आणि ते सगळं फक्त दोघांच्या चंद्रावरून निघतं, म्हणजे जन्मनक्षत्र आणि जन्मरास. लग्न कुठलं, नवमात कोण, हे त्या कोष्टकात येतच नाही. बऱ्याच जणांचा आणखी एक गोंधळ होतो, राशीकूटात "नवपंचम" दिसलं की त्यांना वाटतं नवम स्थान बघून झालं, पण ते दोघांच्या चंद्रराशी एकमेकींपासून पाचव्या-नवव्या आहेत एवढंच सांगतं. म्हणजे 30 गुण जुळूनसुद्धा दोघांची नवमं दोन टोकांना असू शकतात आणि 16 जुळूनही एका ओळीत असू शकतात.

आता नवम म्हणजे काय, कारण सगळी गडबड तिथेच आहे. लोक धर्मस्थान म्हटलं की देवघर समजतात. पण जप, उपासना, मंत्र हे आपल्याकडे बहुतेक जण पाचव्या घरावरून बघतात. नवमावरून बघायचं ते वेगळं आहे, माणूस बरोबर काय आणि चूक काय हे कुणाच्या शब्दावर ठरवतो, वडिलांकडून काय घेऊन आला, गुरू कुणाला मानतो, दान कुठे करतो, कशासाठी लांबचा प्रवास करायला तयार असतो. पहाटे उठून दोन तास पूजा करणाऱ्याचं नवम कोरडं असू शकतं आणि सणाला उदबत्तीसुद्धा न लावणाऱ्याचं भरलेलं. (माझ्या माहेरी एक आजोबा होते, देवळाची पायरी चढायचे नाहीत पण गावात कुणाचं सरण कमी पडलं तर स्वतःच्या आवारातला आंबा तोडून द्यायचे. त्यांची पत्रिका मला कधी मिळाली नाही याची हळहळ वाटते.)

बघायची पद्धत सरळ आहे. नवमात रास कुठली, तिचा मालक कुठे गेला, आणि तोच मालक दुसरं कुठलं घर सांभाळतो, कारण ते दुसरं घर धर्माच्या सोबत चिकटून येतं. नवमात कोण बसलंय हे त्यानंतर. ज्योतिषी लोक नेमके उलटे जातात, आधी बसलेला बघतात आणि पापग्रह दिसला की वही बंद.

तुझा नवमेश गुरू. कर्क लग्नाला गुरू नववं घर सांभाळतो आणि सहावंही. सहावं म्हणजे आजार, सेवा, नोकरी, आणि भांडण सुद्धा. तर तुझा धर्म सेवेला आणि वादाला बांधलेला आहे. तू नर्स आहेस हे मला आधीच माहीत असल्यावर हे असं जुळवून सांगणं सोपं आहे, ते मी कबूल करते, तू वकील असतीस तरी मी वाद धरून हेच म्हटलं असतं. पण त्यात वादाचा जो भाग आहे तो तुझ्या पत्रात पण आहे, बघ, "मी फार देव देव करत नाही हे खरंय" असं म्हणतेस आणि पुढच्याच श्वासात पंधरा माणसांशी मनातल्या मनात भांडतेस.

गुरू मकरेत नीच, म्हणजे सगळ्यात दुबळा, बरोबर. पण तो ज्या मकरेत बसलाय तिचा मालक शनी, आणि तो शनी बसलाय गुरूच्या मीनेत. दोघांनी एकमेकांची घरं घेतलीयत, याला परिवर्तन म्हणतात, आणि परिवर्तन असताना नुसतं "नीचेचा" म्हणून थांबणं म्हणजे अर्धं पान वाचणं. आता नीट बघ कुठली घरं बदललीत. गुरू नवमेश, तो सातव्यात, म्हणजे जोडीदाराच्या घरात. शनी सप्तमेश, तो नवव्यात. धर्म जोडीदाराकडे गेला आणि जोडीदार धर्माच्या घरात आला. याचा अर्थ मी असा घेते की तुझी श्रद्धा आणि तुझा नवरा या दोन गोष्टी तुला वेगळ्या ठेवता येणार नाहीत. काही बायका म्हणतात ना, त्यांचं ते करू देत, माझं मी करते, आणि चाळीस वर्षं छान निघतात. तुझ्यासारख्या पत्रिकेला ते जमत नाही, तुला त्याच्याशी यावर बोलावंच लागणार, पटवून घ्यावं लागणार किंवा पटवून द्यावं लागणार.

शनी-केतूचं काय मग. शनी म्हणजे नियम, उशीर, जबाबदारी, कमी बोलणं. केतू म्हणजे सोडून देणं, वरचं टरफल काढून टाकणं. नवमात हे दोघं असले की माणूस बहुतेक विधींपासून लांब राहतो पण कर्तव्याला चुकत नाही, आणि वडिलांच्या श्रद्धेशी थोडी तुटक असते. हे तुला लागू आहे की नाही ते तू बघ. तुमच्या घरी वडील व्याडेश्वराला वर्षातून किती वेळा जायचे, आणि घरात देवाबद्दल बोलणं व्हायचं की नुसतं करणं व्हायचं, यावरून तुला कळेल. नास्तिकपणा मात्र यातून निघत नाही, तो नवमातल्या एका ग्रहावरून निघतच नाही मुळी.

आता त्याच्याकडे ये. मिथुन लग्नाला शनी नववं आणि आठवं अशी दोन्ही घरं सांभाळतो. आठवं म्हणजे वारसा, वाडवडील, पूर्वजांचं राहिलेलं देणं-घेणं. तर त्याचा धर्म घराण्याला बांधलेला आहे. तळकोकणात हे समजावून सांगायला लागत नाही, सगळ्या भावकीचा मिळून एकच गणपती, तो मूळ घरातच बसणार, मुंबईहून सगळे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नसले तरी चतुर्थीला त्याच पडवीत झोपणार. त्याच्यासाठी देवाला हात जोडणं आणि आजोबांना हात जोडणं यात फारसा फरक नाही. देवळात गाऱ्हाणं घालताना सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात तेव्हा त्याला कदाचित देवापेक्षा ती माणसं जास्त जाणवत असतील. हे त्याला विचारून बघ, मी खात्रीने नाही सांगत.

आणि त्याचा गुरू तुळेत, पाचव्या घरात, तिथून त्याची पाचवी दृष्टी बरोबर नवमावर, त्या शनीवर पडते. आता हा गुरू त्याच्या पत्रिकेत कोण? मिथुन लग्नाला सातवं घर धनू, म्हणजे गुरू त्याचा सप्तमेश. जोडीदाराचा ग्रह त्याच्या धर्माच्या घराकडे बघतोय. तुझ्याकडे सातवं-नववं परिवर्तनाने जोडलं गेलं, त्याच्याकडे दृष्टीने जोडलं गेलं, आणि दोन्हीकडे तेच दोन ग्रह, गुरू आणि शनी. नवमेश एकाचा गुरू, एकाचा शनी, ते नैसर्गिक मैत्रीत एकमेकांना सम आहेत, मित्र नाहीत आणि शत्रूही नाहीत. गळ्यात गळा नाही पण एका ताटात जेवतील. माझ्या मते तुलनेचा खरा मुद्दा हाच आहे आणि त्या ज्योतिषांनी नेमका हाच सोडला.

त्यामुळे "विचार जुळतात का" याचं पत्रिकेतलं उत्तर मी असं देईन. दोघंही धर्म हा जबाबदारी म्हणून बघणारे आहात, दिखावा दोघांनाही नको असेल, मोठ्या देणग्या देऊन भिंतीवर नाव लावणाऱ्यांतले तुम्ही दोघंही नाही. फरक आहे तो जबाबदारी कुणाला, यात. त्याला ती मागच्या पिढ्यांना वाटते, तुला समोरच्या माणसाला. तो म्हणेल आजोबांनी सुरू केलं म्हणून जत्रेला जायचं, तू म्हणशील त्या दिवशी माझी नाईट आहे आणि वॉर्डात सहा पेशंट आहेत. तुमचं भांडण झालं तर ते देव आहे की नाही यावर होणारच नाही, ते या असल्या वेळापत्रकावर होईल, आणि पैशावर होईल. घराच्या छपराला पैसे आधी की देवळाच्या, असं.

म्हणून मी तुला त्याच्याशी बोलताना "तू किती देव मानतोस" हे विचारू नकोस म्हणेन, त्यातून काही निघत नाही, सगळेच मधलं उत्तर देतात. कौलाचं विचार. तुमच्याकडे गुहागरला देखील कौल माहीत आहेच, पण त्यांच्याकडे तो फार आतपर्यंत आहे, आंगणेवाडीच्या जत्रेची तारीखसुद्धा पंचांगातल्या ठरलेल्या तिथीवर येत नाही, देवीच्या कौलाने ठरते, आणि त्याप्रमाणे सगळे चाकरमानी रेल्वेची तिकिटं काढायला पळतात. अशा घरातल्या मुलाला सरळ विचार, समजा आपण रत्नागिरीत घर घ्यायचं ठरवलं आणि गावी प्रसाद लावला, म्हणजे देवाला पाकळ्या लावून कौल मागितला, आणि पाकळी डावी पडली, म्हणजे देवाने नको म्हटलं, मग तू काय करणार? तो म्हणाला की घेणारच नाही, तर तुला त्याच्या नवमातला शनी किती घट्ट आहे ते कळेल. तो म्हणाला की घेऊ पण आईला सांगायचं नाही, तर तेही एक उत्तर आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात वाईट उत्तर आहे कारण मग पुढे तुलाच लपवाछपवीत ओढणार. तो म्हणाला की थांबू, परत विचारू, वडिलांशी बोलू, तर तो त्याच्या गुरूची दृष्टी वापरतोय. आणि मग तू पण तुझं सांग, की डावा कौल आला तर तू काय करशील. मला वाटतं तू "मला काही फरक पडत नाही" म्हणशील, आणि ते खोटं असेल. मनात किडा वळवळेलच.

मुलांचंही आत्ताच बोलून घ्या. मुलगी झाली तर तिला गाऱ्हाण्याला उभं करायचं का, मुलाची मुंज करायची का, सुतकात तू ड्युटीवर जाणार की नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे तुझ्यासाठी. त्यांची भावकी मोठी असणार, म्हणजे सुतक पण वारंवार येणार, आणि दवाखाना काही दहा दिवस सुट्टी देत नाही.

आता माझ्या स्वतःच्या वाचनाला जिथे भोकं आहेत ती पण सांगते, नाहीतर त्या ज्योतिषांत आणि माझ्यात फरक काय राहिला. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, गुरू वर्षभर. तुझ्या पत्रिकेतलं ते गुरू-शनीचं परिवर्तन 1997 सालात जन्मलेल्या जवळजवळ सगळ्यांना आहे, आणि शनी-केतू मीनेत हे त्या वर्षाच्या पहिल्या पाच-सहा महिन्यांत जन्मलेल्या प्रत्येकाला. तुझ्या अख्ख्या बॅचला. तुझं स्वतःचं त्यात काय, तर फक्त लग्न, ज्यामुळे ते नवमात आले, आणि लग्न दिवसाला बारा बदलतात. म्हणजे त्या काळातल्या साधारण दर बारा मुलांमागे एक मूल शनी-केतू नवमात घेऊन जन्मलं. हे सगळे धर्मबुडवे असते तर आत्तापर्यंत कोकणातल्या देवळांना कुलपं लागली असती ना!

दुसरं, 29 मार्च 2025 पासून शनी परत मीनेत आलाय, म्हणजे तुझ्या जन्मशनीवर, साधारण तीस वर्षांनी, आणि 2027 पर्यंत तिथे आहे. याला घाबरू नकोस. पण या काळात "मी नक्की काय मानते" हा प्रश्न तुला एरवीपेक्षा जास्त छळणार असं पद्धतीप्रमाणे म्हणता येतं, त्यामुळे आत्ता जी काय चिडचिड होतेय ती सगळी त्याच्या घरच्यांमुळेच आहे असं धरून चालू नकोस.

तिसरं म्हणजे पत्रिकेवरून माणूस ओळखता येतो याचा पुरावा विचारशील तर तो माझ्याकडे नाही. जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषांची चाचणी घेतली होती, 200 मुलांच्या पत्रिका, निम्मी हुशार मुलं, निम्मी मतिमंद, कुठली कोणाची ते ओळखायचं, आणि बरोबर उत्तरं 46 टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच. ती चाचणी बुद्धीची होती, नवमाची नव्हती, पण म्हणून मी तिला टाळत नाही. मी इतकी वर्षं पत्रिका बघते ते लोकांना बोलतं करायला, कारण "तुमचे विचार जुळतात का" असं विचारलं की दोघं एकमेकांकडे बघून हसतात, आणि "तुझ्या नवमात शनी का गं" म्हटलं की तासभर बोलतात. लग्न मोडण्याइतकं वजन मी नवमाला कधीच दिलेलं नाही, आणि कुणी देत असेल तर त्याला विचार, की बाबा तुझ्या स्वतःच्या नवमात काय आहे.

राहिली ती वेळ, आणि हे मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण यावर वरचं सगळं उभं आहे. 5.40 ला कर्क लग्न नीट मध्यावर आहे, चार-दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तरी हलत नाही. पण तुझी आई दिवेलागण म्हणते. तू फेब्रुवारीच्या मध्यावरची, आणि तेव्हा आपल्याकडे सूर्य मावळतो साडेसहाच्या पुढे, आणि त्या दिवशी सिंह लग्न लागतं ते पण साधारण साडेसहाच्याच सुमारास. म्हणजे आईचं खरं असेल तर तुझं लग्न सिंह, नवमात मेष, नवमेश मंगळ, तो कन्येत दुसऱ्या घरात राहूबरोबर, आणि ते शनी-केतू नवमातून उठून आठव्यात गेले. मग ज्योतिषांचं म्हणणंही गेलं आणि मी वर एवढं लिहिलं ते तुझ्या बाजूचं सगळंही गेलं, त्याच्या बाजूचं तेवढं राहिलं. मग तुझं वाचन नव्याने करायला लागेल, मंगळाचा धर्म, राहूसोबत, दुसऱ्या घरात म्हणजे तोंडात, आणि ती मुलगी देवकार्य बुडवणार नाही पण गुरवाशी दक्षिणेवरून वाद घालेल.

दवाखान्यात कधीकधी बाळाची वेळ नंतर आठवून टाकतात, हे तुला मी काय सांगायचं, तू तिथेच काम करतेस. आणि आया पण "दिवेलागण" म्हणतात तेव्हा कधीकधी खोलीत लाईट लावला होता एवढंच आठवत असतं. तर आईला घड्याळ विचारू नकोस, ते कुणालाच आठवत नाही. तिला विचार, तू झालीस तेव्हा बाहेर उजेड होता का, बाबा ऑफिसातून आले होते का, संध्याकाळचा चहा झाला होता का, पहिल्यांदा अंगावर कुणी घेतलं आणि ती बाई तेव्हा कुठून आली होती. त्यातून निघेल. आणि निघालं की मला परत लिही, तोवर त्या ज्योतिषांना फोन करायची घाई नको.